चुकीच्या वीजबिलाची फोनवरची तक्रार: गोव्यातल्या ग्राहकासाठी कॉलची टिपणं, आश्वासनांची नोंद आणि वरच्या पायऱ्या

वीजबिल चुकीचं आल्यावर बहुतेक जण फोन करतात आणि भरपूर बोलतात. फोन ठेवल्यावर हातात मात्र एकच वाक्य उरतं, "पुढच्या बिलात होईल म्हणाले." कोण म्हणालं, कोणत्या तारखेला म्हणालं आणि नेमकं काय होईल म्हणालं, यातलं काहीच सांगता येत नाही. दोन महिन्यांनी कार्यालयात गेल्यावर तक्रारीची नोंद सापडत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. कॉल रेकॉर्ड केलेला असला तरी हेच घडतं, कारण वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकायला कोणत्याही टेबलावर कुणाला वेळ नसतो. उपयोग होतो तो त्या रेकॉर्डिंगवरून काढलेल्या एका पानाच्या टिपणाचा आणि त्या टिपणावरून त्याच दिवशी दिलेल्या पत्राचा.

हा लेख चुकीच्या बिलाच्या एकाच प्रकाराबद्दल आहे: मीटर बरोबर चालतो, पण त्यावरचा आकडा चुकीचा वाचला गेला. हा प्रकार पुराव्यानिशी सिद्ध करायला सगळ्यांत सोपा आहे, आणि चुकीच्या मागणीमुळे लोक त्यातच सगळ्यांत जास्त अडकतात.

समजावण्यासाठी एक नमुना घेऊ. त्यातलं घर, आकडे आणि तारखा हिशेबासाठी धरलेल्या आहेत. डिचोली तालुक्यातलं घर, मीटर बाहेर व्हरांड्यात. मागचं रीडिंग ७८४६. ९ जूनला मीटरवर होतं ८०१५, म्हणजे महिन्याचा वापर १६९ युनिट. पावसाळ्याची सुरुवात, काचेवर दमटपणा. डिजिटल आकड्यांत शून्य आणि आठ यांच्यात मधल्या एका रेघेचाच फरक असतो, त्यामुळे ८०१५ चं ८८१५ झालं. बिल आलं ९६९ युनिटांचं. १४ जूनला हाती पडलं, भरण्याची शेवटची तारीख ३० जून.

## १. फोनला हात लावण्याआधी

पहिलं काम मीटरपाशी. आजचं रीडिंग बघा आणि फोटो काढा. आमच्या नमुन्यात १४ जूनच्या संध्याकाळी मीटर दाखवतो ८०४२. बिल म्हणतं, पाच दिवसांपूर्वीच तो ८८१५ वर होता. मीटर मागे फिरत नाही. आजचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी आहे, एवढ्यावरच तक्रार सिद्ध होते. त्यापुढे फ्रिज किती जुना आहे आणि घरात माणसं किती, हे सांगत बसायची गरज नाही.

हा पुरावा मात्र कायमचा टिकत नाही. या घरात दिवसाला साधारण साडेपाच युनिट जळतात. ८०४२ वरून ८८१५ वर जायला ७७३ युनिट लागतील, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस मीटर तो आकडा खरोखरच ओलांडेल. त्यानंतर मीटरकडे बघून चूक कुणालाच दिसणार नाही. चूक आठशेऐवजी ऐंशी युनिटांची असती, तर पुरावा पंधरा दिवसांतच पुसला गेला असता. म्हणून फोटो त्याच दिवशी काढायचा.

फोटोत तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: मीटरचा क्रमांक, आकडा आणि आकड्याशेजारचं एकक. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत जातात. तारीख येते, वेळ येते, कमाल मागणी येते, व्होल्टेजही येतं. आपल्याला किलोवॅट अवर, म्हणजे केडब्ल्यूएच असं लिहिलेला एकूण आकडाच हवा. घाईत भलताच आकडा टिपला आणि तोच कॉलवर सांगितला, तर समोरच्याचा पुढच्या कशावरच विश्वास बसत नाही. दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून द्या. एक फुल चक्र फिरेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर सगळ्यांत उत्तम.

तपासा: फोटोतला मीटर क्रमांक आणि बिलावर छापलेला मीटर क्रमांक एकच आहे ना? इमारतीत दहा मीटर एका पाटीवर असतात आणि शेजाऱ्याच्या मीटरचं बिल आपल्या नावावर येणं अशक्य नाही. क्रमांक वेगळे निघाले तर तक्रार वेगळी, आणि मागणीही वेगळी.

तपासा: बिलावर रीडिंगचा प्रकार काय लिहिला आहे? प्रत्यक्ष रीडिंग, की घर बंद म्हणून सरासरी? सरासरीचं बिल असेल तर ही रीडिंगची चूक नव्हे. वीज ग्राहकांच्या हक्कांबद्दलच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार असं तात्पुरतं बिल दोन बिलफेऱ्यांच्या पुढे चालू राहिलं, तर अपवादात्मक परिस्थिती सोडून, प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक रक्कम भरायला नकार देऊ शकतो. तो मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

आता कागद. चुकीचं बिल, मागची सहा बिलं, आणि त्या सहा महिन्यांच्या भरण्याच्या पावत्या किंवा ऑनलाइन भरल्याच्या नोंदी. बिलावरचा सीए क्रमांक, म्हणजे तुमच्या जोडणीचा खाते क्रमांक, एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. त्याच कागदावर चार ओळी: मागचं रीडिंग, बिलातलं रीडिंग, आजचं रीडिंग, फोटोची तारीख आणि वेळ. कॉल चालू असताना बिल चाळत बसलात तर संभाषणाचा लगाम समोरच्याच्या हाती जातो.

## २. काय मागायचं ते आधी ठरवा

सगळ्यांत मोठी फसगत इथे होते, म्हणून या टप्प्यावर थोडं थांबतो.

कार्यालयातून हमखास मिळणारं उत्तर असतं, "पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल." ऐकायला बरं वाटतं. युनिटांच्या बाबतीत ते खरंही असतं. पुढच्या महिन्यात मीटर ८१८० दाखवेल आणि मागचं रीडिंग नोंदीत ८८१५ असेल, म्हणजे वापर उणे येईल. मग शून्य युनिटांचं बिल निघेल किंवा सरासरी लावली जाईल, आणि मीटर ८८१५ गाठेपर्यंत असंच चालेल. युनिट शेवटी जुळतात, पैसे मात्र जुळत नाहीत.

कारण घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, मग शंभरशंभरच्या टप्प्याने दर चढतो आणि ४०० च्या पुढचा सगळा वापर शेवटच्या, सर्वांत महाग टप्प्यात पडतो. या घराची १६९ युनिटं नीट धरली तर १०० पहिल्या टप्प्यात आणि ६९ दुसऱ्या टप्प्यात येतात. तिसऱ्या टप्प्याला हे घर कधी शिवतही नाही. पण ९६९ युनिटांचं बिल तसंच राहिलं तर त्यातली ५६९ युनिटं सर्वांत महाग दराने लागतात. पुढचे चार-पाच महिने शून्य युनिटांची बिलं आली, तरी त्या महिन्यांतल्या स्वस्त टप्प्याचा फायदा वाया गेलेला असतो. शिवाय स्थिर आकार दर महिन्याला द्यायचाच असतो. उशिरा भरल्याचा दंड लागला असेल तर तो वेगळा.

म्हणून मागणी एकच ठेवा आणि याच शब्दांत मांडा: "चुकीचं रीडिंग दुरुस्त करून याच महिन्याचं सुधारित बिल द्या." ॲडजस्टमेंट नको, सुधारित बिल हवं.

दुसरी चुकीची मागणी म्हणजे "मीटर बदला" किंवा "मीटर टेस्टिंगला पाठवा". मीटर निर्दोष असताना तपासणी मागितली तर अर्ज, शुल्क, तारीख आणि अहवाल यांत आठवडे जातात, आणि शेवटी अहवाल येतो, "मीटर बरोबर आहे." तो अहवाल मग तुमच्याच विरोधात वाचला जातो. मीटर खरोखर वेगाने पळतो अशी शंका असेल तर ती वाट निराळी. त्यासाठी त्याच केंद्रीय नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीत तरतूद आहे: रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वीज पुरवणाऱ्याने पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिन्यांचा वापर ताडून बघायचा. आमच्या नमुन्यात त्याची गरज नाही.

## ३. कॉल: कोणाला, कसा

१९१२ वर लागणारा फोन मुख्यतः वीज गेल्याच्या तक्रारींसाठी वापरला जातो. बिलाचं काम तुमच्या भागाच्या उपविभागीय कार्यालयात होतं. तरी १९१२ वर आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, कारण तारीखवार पहिला पुरावा तोच. फोन लागताच विचारा, "हे गोवा वीज खात्याचंच केंद्र ना?" महाराष्ट्र आणि गोवा मोबाइल सेवेच्या दृष्टीने एकाच सर्कलमध्ये येतात. विशेषतः पेडणे, सत्तरीसारख्या सीमेलगतच्या भागातून फोन करताना हा प्रश्न विचारून घेतलेला बरा.

उपविभागाचा फोन कामाच्या दिवशी सकाळी करा. काउंटरवर गर्दी असते तेव्हा कुणी संगणक उघडून आकडे वाचून दाखवत नाही.

रेकॉर्डिंग सुरू करा आणि तसं सांगा. काही फोन स्वतःच घोषणा करतात. तुमचा करत नसेल तर एक वाक्य पुरे: "तारखा विसरू नयेत म्हणून हा कॉल मी रेकॉर्ड करून ठेवतेय हां." सांगून केलेल्या रेकॉर्डिंगवर नंतर कुणी बोट ठेवत नाही, आणि समोरचा माणूसही जपून, नेमकं बोलतो. कर्मचाऱ्याने आक्षेप घेतला तर वाद घालू नका, रेकॉर्डिंग बंद करा आणि हाताने टिपणं घ्या. आपलं काम रेकॉर्डिंगवाचून अडत नाही.

सावधान: कर्मचाऱ्याचा आवाज किंवा नाव समाजमाध्यमावर टाकू नका. तुमची तक्रार बाजूला पडते आणि भांडण त्याच गोष्टीचं होऊन बसतं.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. आधी सीए क्रमांक आणि बिल कोणाच्या नावावर आहे ते. मग एका दमात वस्तुस्थिती. मग समोरच्याला त्यांच्या पडद्यावरचे आकडे वाचायला लावा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या आकड्यांपेक्षा त्यांनी स्वतः वाचलेले आकडे पुढे जास्त उपयोगी पडतात. नमुन्यातला १६ जूनचा कॉल असा, त्यातले एई साहेब म्हणजे उपविभागाचे साहाय्यक अभियंता:

— मॅडम, ९ जूनच्या रीडिंगला बिलात ८८१५ लिहिलंय. १४ तारखेला मीटरवर ८०४२ आहे, फोटो माझ्याकडे आहे. तुमच्याकडे मागचं आणि आताचं रीडिंग काय दिसतं, ते वाचता का?

— मागचं ७८४६, आताचं ८८१५. ॲक्चुअल रीडिंग दाखवतं.

— म्हणजे मीटर आज बिलाच्या मागे आहे. मला याच महिन्याचं सुधारित बिल हवं.

— तुम्ही भरून टाका, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल.

— ॲडजस्ट झालं तर वरच्या टप्प्याचा दर तसाच राहतो, मॅडम. रीडिंग दुरुस्त करून सुधारित बिल मिळावं, हीच माझी विनंती. त्यासाठी काय लागतं?

— मीटर रीडरला परत पाठवावं लागेल. तो रिपोर्ट देईल, मग एई साहेब सही करतील.

— रीडर कधीपर्यंत येईल?

— १९ तारखेपर्यंत येईल.

— आणि सुधारित बिल?

— रिपोर्ट आला की तीन-चार दिवसांत. २३ पर्यंत धरा.

— तोवर कनेक्शन कापणार नाही ना? आणि ३० तारीख आली तर मी काय भरू?

— नाही नाही, तक्रार असताना कापत नाहीत. भरायचं तुम्ही साहेबांना विचारा.

आता शेवटची आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: परत वाचून दाखवणं. "मी लिहून घेतलंय ते वाचते, चुकलं तर सांगा. रीडर १९ जूनपर्यंत येणार, सुधारित बिल २३ जूनपर्यंत, सही एई साहेबांची, तोवर कनेक्शन कापणार नाही. बरोबर?" समोरून "होय" आलं की मग नाव आणि हुद्दा विचारा. नाव नाही सांगितलं तर "टेबल कोणतं, बिलिंगचंच ना?" एवढं विचारा. हुद्दा, तारीख, वेळ आणि लावलेला क्रमांक असला की माणूस कोण ते कार्यालयालाच शोधता येतं. नावासाठी हट्ट केल्याने एका चांगल्या चाललेल्या संभाषणाचा शेवट कडू होतो.

## ४. टिपण: रेकॉर्डिंगचं एक पान

कॉल संपल्यावर त्याच दिवशी बसा. संपूर्ण संभाषण उतरवून काढायची गरज नाही. एका पानावर दोन भाग करा.

वरच्या भागात कॉलची ओळख: तारीख १६ जून, वेळ सकाळी १०.४० ते १०.५२, कोणत्या क्रमांकावर, कोण बोललं (बिलिंग विभाग, महिला कर्मचारी, नाव सांगितलं नाही), १९१२ चा तक्रार क्रमांक, रेकॉर्डिंगच्या फाइलचं नाव.

खालच्या भागात फक्त आश्वासनं आणि कबुल्या, प्रत्येकीपुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट. कबुली म्हणजे त्यांनी स्वतः वाचलेले आकडे: "०३:१० — नोंदीत आताचं रीडिंग ८८१५, प्रत्यक्ष म्हणून दाखवतं." आश्वासनं अशी: "०६:२५ — रीडर १९ जूनपर्यंत येणार." "०७:०५ — रिपोर्टनंतर सुधारित बिल, २३ पर्यंत धरा." "०८:३० — तक्रार असताना कनेक्शन कापत नाहीत."

शब्द त्यांचेच ठेवा. कर्मचारी कोकणीत बोलला असेल तर वाक्य कोकणीतच लिहा. "२३ पर्यंत धरा" याचं तुम्ही "२३ ला नक्की देणार" असं केलंत, तर पुढे कुणी रेकॉर्डिंग ऐकलं की तुमचं सगळंच टिपण संशयास्पद ठरतं. जे टाळलं गेलं तेही लिहा: "किती रक्कम भरावी याचं उत्तर दिलं नाही, साहेबांना विचारायला सांगितलं." पुढच्या पायरीवर नेमका हाच प्रश्न पुन्हा विचारायचा असतो.

"बघतो", "सांगतो वर", "होऊन जाईल" हे आश्वासनांच्या यादीत घालू नका. ज्यात काम आणि तारीख दोन्ही आहेत तेच आश्वासन. कामाचं नाव आहे पण तारीख नाही, असं असेल तर त्यापुढे "तारीख दिली नाही" असं लिहा आणि पत्रात ती तारीख मागा.

मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, मधला भाग काढू नका, नाव बदलायचं तर प्रतीचं बदला. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेली फाइल ही मूळ नव्हे, तिच्यावरची तारीख पाठवल्याची असते. फोन आणि एक पेनड्राइव्ह, अशा दोन ठिकाणी ठेवली की पुरे. प्रकरण न्यायालयात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते देण्यासाठी मूळ फाइल व ज्यावर ती नोंदली तो फोन महत्त्वाचा असतो.

## ५. त्याच दिवशीचं पत्र

तोंडी आश्वासन कार्यालयाच्या दप्तरात आणायचं तर ते तुम्हीच लिहून द्यावं लागतं. पत्र साहाय्यक अभियंत्यांच्या नावाने. मराठीत लिहा, गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्याही सरकारी कामातल्या वापराची तरतूद आहे. नमुना:

> विषय: सीए क्रमांक …, जून महिन्याच्या बिलातील चुकीचे रीडिंग दुरुस्त करून सुधारित बिल मिळण्याबाबत.
>
> ९ जूनच्या रीडिंगप्रमाणे बिलात ८८१५ नोंद आहे. १४ जून रोजी मीटरवर ८०४२ होते (फोटो सोबत). म्हणजे नोंदलेले रीडिंग प्रत्यक्षाहून जास्त आहे.
>
> आज १६ जून रोजी सकाळी १०.४० वाजता आपल्या कार्यालयाच्या बिलिंग विभागाशी दूरध्वनीवर बोलणे झाले. १९ जूनपर्यंत पुन्हा रीडिंग घेतले जाईल व २३ जूनपर्यंत सुधारित बिल मिळेल असे सांगण्यात आले. यात काही वेगळे असल्यास लेखी कळवावे.
>
> मागणी: रीडिंग दुरुस्त करून टप्प्यांप्रमाणे याच महिन्याचे सुधारित बिल द्यावे. तोपर्यंत विलंब आकार लावू नये.

"यात काही वेगळे असल्यास लेखी कळवावे" हे वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही तर तुमचं टिपण कार्यालयाने तसंच राहू दिलं, एवढं तरी पुढे म्हणता येतं.

तपासा: दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला का? "ठेवून जा, देतो नंतर" असं म्हटलं तर थांबा. शिक्का न देण्याचा प्रसंग आला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ईमेल जरूर करा, पण पत्राऐवजी नको, पत्राबरोबर.

## ६. शेवटची तारीख आणि भरायची रक्कम

इथे दोन टोकाच्या चुका होतात. कुणी घाबरून सगळी रक्कम भरतो आणि मग घाई उरत नाही, ना त्याची, ना कार्यालयाची. कुणी "तक्रार आहे" म्हणून काहीच भरत नाही आणि थकबाकीदार ठरतो.

वीज कायदा, २००३ चं कलम ५६ यातला रस्ता दाखवतं. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने हरकत नोंदवून दोहोंपैकी कमी असेल ती रक्कम जमा केली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही: एक, मागितलेली रक्कम, आणि दुसरी, मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम.

नमुन्यात मागची सहा बिलं ४१०, ३९५, ४३०, ४५०, ५२० आणि ५५५ रुपयांची. बेरीज २७६०, सरासरी ४६०. एवढे ४६० रुपये ३० जूनच्या आत भरायचे. सोबत चार ओळींचं पत्र: "बिलाबाबत हरकत कायम ठेवून, कलम ५६ प्रमाणे सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम भरत आहे." ऑनलाइन पूर्ण रक्कमच मागितली जात असेल तर काउंटरवर जा. तिथे नाही म्हटलं तर पत्र साहाय्यक अभियंत्यांकडे नेऊन त्यांची लेखी परवानगी मागा आणि त्या पत्रावरही आवक क्रमांक घ्या.

सावधान: "कापत नाहीत" हे फोनवरचं आश्वासन म्हणजे कलम ५६ ची भरणा पावती नव्हे. टिपणात ते असू द्या, पण विसंबा पावतीवर.

## ७. तारीख उलटली की

२० जूनला, रीडर आला नसेल तर, दुसरा कॉल. हा छोटा ठेवा. "१६ तारखेला १९ चं सांगितलं होतं, आवक क्रमांक अमुक, रीडर आलेला नाही. नवी तारीख कोणती?" टिपणाच्या त्याच पानावर खाली नवी ओळ. प्रत्येक कॉलला नवा कागद करू नका. एकाच पानावर तारखा एकाखाली एक दिसल्या की वरच्या अधिकाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

रीडर आला तर त्याच्यासोबत उभे राहा, तो लिहितो तो आकडा बघा आणि त्याच क्षणी फोटो घ्या. तो दिवसही पानावर येऊ द्या.

२३ जून उलटून गेली तर २४ ला वर जायचं. पायऱ्या ओळीने अशा:

उपविभागात साहाय्यक अभियंता. त्यांना पत्र आधीच गेलेलं आहे, म्हणून त्यांना एकदा समक्ष भेटा आणि टिपणाचं पान दाखवा. अनेक प्रकरणं इथेच सुटतात, कारण दुरुस्तीची सही त्यांचीच असते आणि त्यांच्यासमोर कागद आलेलाच नसतो.

विभागात कार्यकारी अभियंता. पत्र अर्ध्या पानाचं, जोडपत्रं चार: बिल, फोटो, पहिल्या पत्राची शिक्क्याची प्रत, टिपणाचं पान. रेकॉर्डिंग जोडू नका, "मागितल्यास सादर करू" एवढं लिहा. पंधरा दिवसांची मुदत मागा.

त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच. वीज कायद्याच्या कलम ४२(५) खाली तो स्थापन झालेला आहे, आणि केंद्रीय नियमांनी तक्रार निकाली काढायची कमाल मुदत ४५ दिवस ठेवली आहे. ग्राहकाला स्वतः बाजू मांडता येते. मंच पहिल्यांदा विचारतो ते हेच, की खात्याकडे लेखी तक्रार कधी केली आणि उत्तर काय आलं. शिक्क्याची प्रत नसलेले ग्राहक इथून परत पाठवले जातात.

मंचाचा आदेश पटला नाही, किंवा आदेश वेळेत झालाच नाही, तर कलम ४२(६) प्रमाणे विद्युत लोकपाल. गोव्यासाठी तो संयुक्त विद्युत नियामक आयोगाखाली येतो, ज्याचं कार्यालय हरियाणात गुरुग्रामला आहे. आदेश हाती पडल्याच्या तारखेपासून मुदत मोजली जाते, म्हणून पाकिटावरची तारीख जपा आणि महिना उलटू देऊ नका.

एक समांतर वाट आहे आणि ती फार कमी जण वापरतात. गोव्यात वीज पुरवणारं खातं थेट सरकारी आहे, त्यामुळे माहिती अधिकार लागू होतो. मागा एवढंच: ९ जूनच्या रीडिंगची मूळ नोंद, रीडरने काढलेला फोटो असल्यास त्याची प्रत, आणि तुमच्या आवक क्रमांकावर आजवर झालेली कार्यवाही. "बिल का चुकलं?" असा प्रश्न विचारू नका. कारण विचारलं की उत्तर टाळता येतं, कागद मागितला की तो द्यावा तरी लागतो किंवा नाही असं लिहावं तरी लागतं. उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज कार्यकारी अभियंत्यांच्या पत्राबरोबरच टाकला, तर मंचाकडे जाईपर्यंत कागद हातात येतो.

सावधान: पायरी गाळून थेट मुख्य विद्युत अभियंत्यांना किंवा आमदारांना पत्र दिलं तर ते बहुधा फिरून उपविभागातच येतं आणि त्यात आठवडे जातात. प्रत माहितीसाठी पाठवायला हरकत नाही.

## ८. सुधारित बिल आल्यावर

सुधारित बिल हातात आलं की लगेच भरू नका, आधी पाच मिनिटं वाचा. आताचं रीडिंग ८०१५ आहे का? वापर १६९ आहे का, आणि तो १०० व ६९ असा दोन टप्प्यांत पडला आहे का? की नुसती रक्कम कमी करून रीडिंग ८८१५ च ठेवलं आहे? तसं असेल तर चूक अजून तिथेच आहे आणि पुढच्या महिन्यात उणे वापर येणारच. भरलेले ४६० रुपये वजा झाले का? विलंब आकार काढला का?

मग पुढच्या महिन्याचं बिल येईपर्यंत ती फाइल बंद करू नका. जुलैच्या बिलात "मागचं रीडिंग" या रकान्यात ८०१५ किंवा दुरुस्तीच्या वेळी नव्याने घेतलेला आकडा असायला हवा. तिथे पुन्हा ८८१५ दिसलं तर दुरुस्ती कागदावर झाली, नोंदीत झाली नाही. अशा वेळी नवी तक्रार करू नका. जुना आवक क्रमांक लिहून "दुरुस्ती अपुरी" असं एका ओळीचं पत्र त्याच दिवशी साहाय्यक अभियंत्यांकडे द्या आणि सोबत दोन्ही बिलांच्या प्रती जोडा.